दादाला ‘बंधू’ म्हणतं कोण?

बस समोर. वही मीट आणि आधी ऐक. काल तालमीत ती मुलगी पुन्हा पुन्हा मध्येच थांबत होती, आणि तू भिंतीला टेकून तिच्या उच्चारांवर नाक मुरडत होतास. मला राग आला तो त्याचा. तिचा गळा सुरेल आहे, चाल तिला पाठ आहे, ताल पक्का आहे. ती अडत होती ती तुझ्या शब्दांपाशी, आणि माफी मात्र तीच मागत होती. आज ती माफी कुणाच्या पदरात घालायची ते आपण ठरवू.

तू लिहिलेला मुखडा असा आहे:

प्रतीक्षेत तव व्याकुळ मन्मन
नभी दाटले मेघांचे वन

मात्रा मोजून दाखवू नकोस, मी मोजल्या आहेत. दोन्ही ओळी सोळा-सोळा मात्रांच्या आहेत, आठावर यतीही पडते, केरव्याच्या दोन आवर्तनांत ओळ बरोबर बसते. आणि तिथेच तुझा घात झाला. मात्रा जुळल्या म्हणजे गाणं झालं असं समजून तू वही मिटलीस. कागदावर जुळलेली ओळ तोंडात कशी वागते हे तू एकदाही पाहिलं नाहीस. हीच ओळ घरी आरशासमोर दहा वेळा मोठ्यानं म्हटली असतीस, तर कालची तालीम फुकट गेली नसती.

पहिलेच दोन शब्द घे. ‘प्रतीक्षेत’ आणि ‘तव’. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला अ आपण बोलत नाही. ‘घर’ आपण ‘घर्’ असंच म्हणतो. म्हणजे ‘प्रतीक्षेत’ संपतो तो त् वर, आणि पुढचा ‘तव’ सुरू होतो तोही त वरच. दोन त एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याला ‘प्रतीक्षेत्तव’ असा एकच शब्द ऐकू येतो, ज्याला काही अर्थ नाही. तो टाळायचा म्हणून ती मुलगी पहिला त ओढून ‘प्रतीक्षेतऽ तव’ म्हणत होती, आणि ओळ मागे पडत होती. तू तिला म्हणालास, ‘अडखळू नकोस.’ अडखळायची जागा तू तयार करून ठेवली होतीस.

मग ओळीचा शेवट. संगीतकारानं मुखड्याच्या शेवटच्या अक्षरावर अख्खं आवर्तन थांबायला जागा ठेवली आहे. चांगली चाल आहे, आवाज तिथे मोकळा व्हायला हवा. तू तिथे ठेवलंस काय? ‘मन्मन’. न वर सूर धरून ठेवता येत नाही, तो नाकात जाऊन गुणगुण होते. म्हणून गायिकेला न च्या मागे अ लावावा लागतो, तो लांबला की ‘मन्मना’ होतं, आणि आता ती कुणाला तरी हाक मारते आहे असं वाटतं. खालच्या ओळीत ‘वन’, पुन्हा तेच. सूर धरायला स्वर लागतो, आणि त्यातही आ, ए, ओ सारखा मोकळा स्वर लागतो. ओळीच्या शेवटी सूर किती वेळ थांबणार आहे हे संगीतकाराला विचारायला तुला फोनचे दोन रुपये जड झाले?

आता अंतरा.

श्रावणमासी पंचमी-दिनी
बंधु-आगमन-स्वप्न लोचनी

इथे तबलजी सम सोडून गेला असं तू सगळ्यांदेखत म्हणालास. तो समेवरच होता. तुझी ओळ एका मात्रेनं लांब आहे. ‘आगमन-स्वप्न’ हा तू सामासिक शब्द केलास, म्हणजे मधला न आणि पुढचा स्व आता एकाच शब्दात आले. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो, तो न गुरू होतो आणि त्याच्या दोन मात्रा होतात. तू एक धरलीस. दोन शब्द सुटे असते तर मराठी जीभ तो आघात सहसा घेत नाही आणि तुझं गणित बरोबर आलं असतं. समास तूच केलास, त्याचं वजनही तूच मोजायला हवं होतं. त्या माणसाची आज जाऊन क्षमा माग. हे मी सांगतोय म्हणून नाही, तुझं चुकलंय म्हणून.

त्याच ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते मला दाखव. ‘बंधु-आगमन-स्वप्न’ हा शब्द मधून तोडता येत नाही. तोडला तर अर्थ तुटतो, न तोडला तर श्वास. ती मुलगी ‘बंधु-आगमन’ म्हणून थांबली, श्वास घेऊन ‘स्वप्न लोचनी’ म्हणाली, आणि मागे बसलेल्या पेटीवाल्यानं मला हळूच विचारलं, ‘सर, स्वप्न-लोचनी कोण?’ त्याला लोचनी हे कुणा बाईचं नाव वाटलं. त्यात त्याचा काय दोष? छापलेल्या पानावर वाचक मागे वळून ओळ पुन्हा वाचतो. गाण्यात ऐकणाऱ्याला मागे वळता येत नाही. शब्द कानावर पडला त्या क्षणी कळला तर कळला, नाही तर पुढची ओळही वाया जाते, कारण तो अजून मागचीच सोडवत बसलेला असतो.

आणि ‘लोचनी’ला चाल तार षड्जावर चढते. वरच्या सुरात ई वर थांबायचं म्हणजे जबडा जवळजवळ मिटलेला आणि आवाज वर ताणलेला. बहुतेक गळे तिथे आवळतात. तयारीची गायिका ती ई थोडी उघडून घेते, पण मग ‘लोचने’सारखं काहीतरी ऐकू येतं आणि तू पुन्हा उच्चारावर बोट ठेवायला मोकळा.

पण हे सगळं वरवरचं आहे. खरा रोग तू अजून ओळखलेला नाहीस. सांग, या गाण्यात बोलतंय कोण?

सासरी असलेली, नव्यानं लग्न झालेली मुलगी. नागपंचमीला भाऊ न्यायला येणार, त्याची ती वाट बघते आहे. बरोबर? मग मुखड्यात ‘तव’ म्हणून ती भावाशी बोलते, आणि अंतऱ्यात ‘बंधु-आगमन’ म्हणून भावाबद्दल तिसऱ्या कुणाला सांगते. कुणाला? तुला ठाऊक नाही, कारण तू तिला बोलताना ऐकलंच नाहीस. तुझ्या डोळ्यांपुढे मुलगी नव्हती, शब्दकोश होता. कुठल्या मुलीनं आपल्या भावाला कधी बंधू म्हटलंय? राग आला तर ती त्याला नावानं हाक मारेल, लाडात आली तर दादा म्हणेल, भाऊ म्हणेल. बंधू हा शब्द सभेच्या भाषणात आणि लग्नपत्रिकेत ठीक आहे. दारात उभं राहून रस्त्याकडे बघणाऱ्या मुलीच्या तोंडी तो खोटा आहे.

गदिमांचं नाव घेशील हे मला माहीत होतं. गीतरामायणात संस्कृत शब्द आहेत, मग मी का नको, असंच ना? गीतरामायण 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं प्रसारित झालं, छप्पन्न गाणी. त्यातलं प्रत्येक गाणं कोण म्हणतं ते बघ. रामायणातलं एकेक पात्र आपल्या तोंडानं बोलतं. राजा, ऋषी, राणी, वानर. ज्याच्या तोंडी जो शब्द शोभतो तो तिथे आहे, आणि तो सुधीर फडक्यांच्या चालीत सुटा, स्पष्ट ऐकू येतो. माडगूळकरांनी तत्सम शब्द वापरला तो माणूस बघून. तू वापरलास तो भारदस्त दिसावा म्हणून. तत्सम शब्द वाईट असतो असं मी कधीच शिकवलेलं नाही. मी विचारतोय ते एवढंच, की तो कुणाच्या तोंडात आहे.

हा प्रश्न नवाही नाही. मराठी रंगभूमीनं तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी नाट्यपदांत नव्या, चटकदार चाली आणल्या, त्या लोकांना आवडल्या, पण त्यांच्या पदांची रचना क्लिष्ट म्हणूनच ओळखली गेली. आणि त्याच सुमाराला, 1899 मध्ये, देवलांचं ‘शारदा’ आलं. म्हाताऱ्या नवऱ्याला द्यायला काढलेली मुलगी, तिच्या मैत्रिणी, तिची आई, सगळे घरातल्या भाषेत बोलतात आणि त्याच भाषेत गातात. ती पदं नाटकगृहाबाहेर पडून बायकांच्या तोंडी गेली. तुला दोघांचीही पदं नेमून दिली होती. वाचलीस असं तू मला सांगितलंस. मोठ्यानं म्हटली असतीस तर आज ही वेळ आली नसती.

आता दुसऱ्या खर्ड्याकडे येतो, कारण तो पहिल्याहून वाईट आहे. मी परवा ‘बोलीत लिही’ म्हणालो, तर तू रात्रीतून ‘येशिल’चं ‘येशीला’ केलंस, ‘कधी’चं ‘कवा’ केलंस, एका ओळीत ‘म्या’ घातलंस, आणि शेजारच्या ओळीत ‘निरंतर’ तसंच ठेवलंस. हे काय आहे? बोली म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर नव्हे. ‘म्या’ म्हणणारी मुलगी ‘निरंतर’ म्हणणार नाही. ती कुठल्या तालुक्यातली, तिच्या घरी ‘नाही’ला काय म्हणतात, ‘होतं’ म्हणतात की ‘व्हतं’, हे तुला ऐकून माहीत असेल तर अख्खं गाणं त्या बोलीत लिही, मी टोपी काढीन. बहिणाबाईंनी जात्यावर रचलेल्या ओव्या खानदेशी बोलीत आहेत, कारण ती त्यांच्या रोजच्या तोंडातली भाषा होती. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ओवी आधी श्वासाला पटायची आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी हातून कागदावर यायची. तुझं उलट झालंय. तू पुण्यात वाढलास, तुझी स्वतःची बोली आहे. घरात आईशी बोलतोस ती. ती वापर. तिला लाजू नकोस.

आता उघड वही. मी सांगतो तसं कर.

चाल बदलायची नाही. संगीतकाराची ती बांधून झाली आहे, म्हणून आपल्याला सोळा मात्रा आणि आठावरची यती पाळायची आहे. पण सुरुवात मात्रांनी करायची नाही. आधी गद्यात सांग, ती मुलगी भावाला काय म्हणेल. कविता नको, सरळ वाक्य. सांग.

‘दादा, तू मला न्यायला कधी येशील? पंचमी तोंडावर आली.’

बघ, तुझ्याच तोंडून आलं, आणि त्यात एकही शब्द कोशातला नाही. ‘तोंडावर आली’ हा तर तुला आयता मिळाला. सण तोंडावर येतो हे आपण रोज म्हणतो. ‘नभी दाटले मेघांचे वन’ लिहून तू जी घाई, जी घालमेल सांगू बघत होतास, ती या दोन शब्दांत आहे. आता यातलं जादा काढ. ‘तू’ नको, ‘मला’ नको, दादा म्हटल्यावर ते कळतंच. उरलेलं टाळी देत म्हण.

दादा, येशिल कधी न्यायला
पंचमि आली तोंडावर रे

मोज आता. दादा चार, येशिल चार, आठ झाले. कधी तीन, न्यायला पाच, पुन्हा आठ. खाली ‘पंचमि आली’ आठ, ‘तोंडावर रे’ आठ. गद्य वाक्य जवळजवळ जसंच्या तसं सोळात बसलं. दरवेळी इतकं सहज बसत नाही, पण आधी वाक्य आणि मग मात्रा हा क्रम ठेवलास तर निदान बोलण्याचा वळसा तरी मोडत नाही.

‘येशिल’ ऱ्हस्व का, असं विचारणार असशील तर ऐक. शुद्धलेखनात ‘येशील’ हेच बरोबर, निबंधात तसंच लिही. पण बोलताना ती शी आपण आखूड करतो, आणि गाण्याच्या प्रतीत गायिकेला दिसलं पाहिजे की इथे थांबायचं नाही. ‘पंचमि’चंही तेच. जिथे जीभ आपोआप आखूड करते तिथेच ही सवलत घ्यायची. ‘माझी’चं ‘माझि’ केलंस तर मी खपवून घेणार नाही, कारण बोलताना तसं कुणी म्हणत नाही.

आता ओळ गाऊन बघ. पहिलाच शब्द हाक आहे, समेवर ‘दा’ पडतो, तोंड उघडं. ‘न्यायला’ मधला ‘न्या’ चौथ्या मात्रेवर सुरू होऊन खालीवर उभा राहतो, आणि बोलतानाही जोर तिथेच येतो, म्हणून तो कानाला टोचत नाही. ओळ संपते तिथे वाक्य संपतं, श्वास आपसूक तिथे येतो. आणि शेवटच्या ‘रे’वर गायिकेला हवं तेवढं थांबू दे, ए मोकळा आहे.

त्या ‘रे’बद्दल मात्र सावध राहा. तू मात्रा भरायला ‘रे’, ‘गं’, ‘हा’, ‘तो’ कुठेही घालतोस, मी तुझ्या जुन्या वह्यांत ते पाहिलंय. इथला ‘रे’ चालतो कारण ती भावाला बोलते आहे. तो काढला तरी अर्थ राहील, पण आर्जव जाईल. ज्या दिवशी ‘रे’ काढल्यावर फक्त दोन मात्रा जातील आणि दुसरं काहीच जाणार नाही, त्या दिवशी तो खोड.

आता अंतरा. ‘स्वप्न लोचनी’ काढून टाक. तिचं स्वप्न मला सांगू नकोस, ती काय करते आहे ते सांग. त्या घरात आणखी कोण आहे? जाऊ. जावेचा भाऊ आला का? आला, आणि ती गेलीसुद्धा. मग आपल्या मुलीच्या पोटात काय होत असेल? ते पोटातलं लिहायचं नाही, तिचे हात काय करतायत ते लिही.

जाऊबाई काल निघाल्या
मीही साड्या भरुन ठेवल्या
कान लागले फाट्यावर रे

पहिली ओळ आठ आणि आठ. दुसरी आठ आणि आठ. तिसरी आठ आणि आठ, आणि ‘फाट्यावर रे’ मुखड्याच्या ‘तोंडावर रे’ला जाऊन मिळतं, म्हणजे ध्रुवपदाकडे वळायला जागा तयार. ‘जाऊबाई’ हा मी मुद्दाम घेतला. नुसतं ‘जाऊ’ म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला क्षणभर ‘आपण जाऊ’ असं वाटलं असतं. शिवाय सासरी मोठ्या जावेला ती तशीच हाक मारते, आणि म्हणून ‘निघाल्या’ हे मानाचं रूप आपसूक आलं. ‘ठेवल्या’चं यमक साड्यांमुळे जमलं. पिशवी घेतली असती तर ‘ठेवली’ झालं असतं आणि ‘निघाल्या’शी जुळलं नसतं. यमकासाठी क्रियापदाला वाकवायचं नसतं, नाम बदलून बघायचं असतं. तू मात्र यमक अडलं की ‘भासे’, ‘वसे’, ‘दिसे’ आणतोस. या रूपांत आज कुणीही बोलत नाही. ती ओळीच्या शेवटी आली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कवीचं यमक संपलंय.

आणि फाटा. एसटी फाट्यावर थांबते, तिचा आवाज घरापर्यंत येतो, आणि ती मुलगी कामं करता करता त्या आवाजाकडे कान लावून आहे. तू ‘द्वारावरती उभी निरंतर’ लिहिलंस. सासरची सून निरंतर दारात उभी राहील? तिला कोण राहू देईल? ती चुलीपाशी आहे, पाण्यापाशी आहे, गोठ्यात आहे. डोळे कामात आहेत, म्हणून कान रस्त्यावर आहेत. तिच्या दिवसाचा विचार केला असतास तर ही ओळ तुलाही सुचली असती.

वरच्या सुराचंही बघ. चाल जिथे तार षड्जावर जाते तिथे आधी ‘लोचनी’ होतं, आता ‘ठेवल्या’ आहे. ल्या वर तोंड उघडतं. संध्याकाळी त्या मुलीला बोलावून तीनच वेळा गाऊन घे. पहिल्यांदा नुसतं बोलायला सांग, चालीशिवाय, जसं फोनवर भावाशी बोलेल तसं. जिथे ती वाक्य फिरवून स्वतःच्या पद्धतीनं म्हणेल तिथे खूण कर, ती जागा कच्ची आहे. दुसऱ्यांदा शब्दांशिवाय, नुसत्या आकारात, म्हणजे सूर कुठे थांबतो ते तुला कळेल. मग दोन्ही एकत्र. आणि खोलीबाहेर एक माणूस बसव, ज्यानं कागद पाहिलेला नाही. त्यानं ऐकून ओळी लिहून काढायच्या. त्यानं चुकीचं लिहिलं तर त्याला दुरुस्त करू नकोस, ओळ दुरुस्त कर.

तुझा शेवटचा तुकडा राहिला:

द्वारावरती उभी निरंतर
अश्रुपूर्ण हे नेत्र अनावर

याचा दुसरा अंतरा तू करायचास, मी हात लावणार नाही. पहिल्या दोन ओळी एकमेकींशी जुळतील, तिसरी ‘वर रे’वर येईल. पहिल्या ओळीत सासूचं एक वाक्य असू दे, ती मुलीला काय म्हणाली ते, सासू खरोखर म्हणेल अशा शब्दांत. सासू वाईटच असली पाहिजे असं नाही, ते आधी ठरवून बसू नकोस. तिसऱ्या ओळीत भाऊ आला की नाही ते सांगायचं नाही. डोळे, अश्रू, नेत्र, पापणी यांपैकी काहीही नको. ती रडते हे ऐकणाऱ्याला तिच्या बोलण्यावरून कळलं पाहिजे.

सोमवारी आणशील तेव्हा वही माझ्यापुढे ठेवू नकोस. उभं राहून म्हणून दाखव. आता जा, आणि तबलजी अजून खाली पानाच्या टपरीवर असेल, आधी त्याला गाठ.